पाटाचं पाणी

"दाजी, पाट फोडून सोडलेलं पाणी निम्मं वाटेतच मुरतं, शेवटच्या झाडाला काय मिळतं सांगा," म्हणत भाईने ठिबकच्या नळीचं बंडल बांधावर टाकलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दोघांची कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, मधे एकच बांध, आणि मार्च लागला की झरीचं पाणी कमी होतं म्हणून दरवर्षी हाच वाद.

"अरे पोफळीची मुळं पसरतात, तुझे दोन थेंब कुठे पुरणार? आणि गाळाने नळ्या चोंदल्या की कोण फुंकत बसणार?"

"दोन थेंब नाहीत ओ, एका ड्रीपरमधून तासाला 4 लिटर, झाडाभोवती गोल 4 ड्रीपर लावले तर 3 तासांत 48 लिटर, आणि फिल्टर मी स्वतः धुतो ना दर आठवड्याला."

दाजी गप्प. गेल्या उन्हाळ्यात त्यांची वरची ओळ पिवळी पडलेली, ते बघून भाईलाच जास्त वाईट वाटलं होतं.

"बरं, वरच्या ओळीला लाव. पण खालच्या वायंगणाच्या भाताला पाटच हां."

"भाताला पाटच, ते मी कुठे नाकारतोय," भाई बंडल सोडायला बसला.