नोंदणीकृत फार्मासिस्ट : चिपळूण, हर्णै आणि दापोली इथलं माझं काम

मी डी.फार्म., बी.फार्म. असून महाराष्ट्र राज्य औषधव्यवसाय परिषदेकडे माझी नोंदणी आहे. २०१५ पासून रत्नागिरी जिल्ह्यातच काम करते. आधी चिपळूणला रुग्णालयाची फार्मसी, मग हर्णैला बंदराजवळचं मेडिकल, आणि २०२२ पासून दापोलीत एका खासगी रुग्णालयाची फार्मसी. दापोली-खेड-मंडणगड पट्ट्यातल्या ज्या रुग्णालयांना किंवा दुकानांना पूर्णवेळ फार्मासिस्ट हवी आहे, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहे.

बारावी सायन्स २००९ साली दापोलीतून झाले. तंत्रशिक्षण मंडळाचा डी.फार्म. जिल्ह्यातच २०११ ला पूर्ण केला आणि त्यानंतरचं ५०० तासांचं प्रशिक्षण एका मेडिकलमध्ये केलं. ते तास मी खरोखर काउंटरच्या आत उभं राहून भरले. चिठ्ठी वाचायला तिथे शिकले, आणि वाचता आली नाही तर अंदाज न करता डॉक्टरांना फोन लावायचा, हेही तिथेच शिकले. २०१२ च्या सुरुवातीला नोंदणी झाली. पुढे कोल्हापूरला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन २०१५ मध्ये बी.फार्म. केलं आणि ती पदवी नोंदणीत चढवून घेतली. नूतनीकरण मुदतीत झालेलं आहे. नोंदणी क्रमांक कामाच्या जागी दर्शनी भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर आहे आणि ॲप्रनवरच्या नावाच्या बिल्ल्यावरही आहे. तो कुणीही वाचावा, परिषदेकडे ताडून पाहावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. माझं प्रमाणपत्र मी भाड्याने देत नाही. शिकून बाहेर पडले त्याच वर्षी एका दुकानदाराने महिन्याला ठरावीक रक्कम देऊ केली होती : नाव भिंतीवर, मी घरी. औषधव्यवसाय कायदा १९४८ सालचा आहे. त्याच्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. माझं नाव लागलं तर काउंटरवर मीच असेन, आणि मी सुट्टीवर असेन त्या दिवशी दुसरा नोंदणीकृत माणूस असायला हवा. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी मला बोलावू नये.

चिपळूणच्या रुग्णालयात तीन वर्षं होते. वॉर्डाच्या मागणीप्रमाणे औषधं काढणं, मुदत जवळ आलेला माल पुढे घेणं, शेड्यूल एचवनचं रजिस्टर लिहिणं. थायरॉक्सिनच्या २५ आणि १२५ मायक्रोग्रॅमच्या बाटल्या मी तेव्हा एकाच फळीवर शेजारीशेजारी लावल्या होत्या. एकदा हात चुकीच्या बाटलीवर गेला. पिशवीत भरण्याआधी चिठ्ठीशी पुन्हा ताडून पाहताना लक्षात आलं, म्हणून ती बाहेर गेली नाही. त्याच दुपारी दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर नेल्या आणि १२५ च्या समोर लाल पट्टी चिकटवली. तेव्हापासून जिथे काम करते तिथे पहिल्या आठवड्यात सारखी दिसणारी आणि सारख्या नावाची औषधं शोधून लांब लांब ठेवते.

हर्णैचं मेडिकल म्हणजे वेगळीच शाळा. गिऱ्हाईक पहाटे लिलावाच्या वेळी येतं, दुपारी कुणी नसतं, संध्याकाळी पुन्हा रांग. बोटीवरच्या खलाशांना मराठी येईलच असं नाही, म्हणून पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढून डोस सांगायची सवय लागली. गणपतीत चाकरमानी मुंबईच्या चिठ्ठ्या घेऊन येतात आणि नेमका तो ब्रँड आमच्याकडे नसतो. घटक तोच असला तरी शेड्यूल एचचं औषध परस्पर बदलून देता येत नाही. आधी डॉक्टरांशी बोलायचं, मगच बदल करायचा. लोक वैतागतात, पण मी तेवढी पाच मिनिटं घेतेच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी तिथेच होते. कौलं उडाली, खांब आडवे झाले, वीज गेली ती लवकर आलीच नाही. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं, ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. शेजारच्या लॉजचा जनरेटर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास मिळायचा, तेवढ्या वेळात फ्रिज थंड करून घ्यायचे. बाकी वेळ दार अजिबात उघडायचं नाही. आईसपॅक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे, कारण बर्फाला टेकून इन्सुलिन गोठलं तर ते वितळल्यावर दिसतं तसंच, पण वापरता येत नाही. थर्मामीटरचा आकडा दर दोन तासांनी वहीत लिहिला. ज्या सात कुप्या मर्यादेबाहेर गेल्या त्या लाल पेनाने खूण करून बाजूला काढल्या. टंचाईच्या दिवसांत त्या बाजूला काढणं जड गेलं, तरी काढल्या.

दापोलीतल्या आताच्या फार्मसीत पावसाळ्याआधी साठ्याची वेगळी यादी करते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लीन लागतं. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची असते. तिच्या मुदतीच्या तारखा महिन्यातून दोनदा तपासते. प्राझोसिनच्या गोळ्या एक दिवसही संपू देत नाही. लाल विंचवाच्या दंशावर या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच कोकणात काम करून दाखवून दिला. ती गोळी आमच्या कपाटात नसावी हे मला सहन होणारं नाही.

या माहितीत एकाही रुग्णाची हकीकत नाही. काही जणांनी सुचवलं की 'अमक्याला बरं केलं' असे दोन किस्से टाक, वजन येईल. बरं करणं डॉक्टरांचं काम, आणि किस्सा त्या माणसाचा. आमच्याकडे नाव काढून टाकलं तरी वाडी, वय आणि महिना सांगितला की माणूस ओळखू येतो. म्हणून चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमधून कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जात नाही. दुकानात औषधाचं नाव मोठ्याने घेत नाही, चिठ्ठीवर बोट ठेवून 'हे का?' एवढंच विचारते. काही समजावून सांगायचं असेल तर काउंटरच्या कोपऱ्यात बोलावून सांगते. शेड्यूल एचवनच्या रजिस्टरात रुग्णाचं नाव असतं. ते तीन वर्षं जपायचं असतं आणि औषध निरीक्षकांनी मागितल्यावर दाखवायचं असतं. मालकाचा पाहुणा, विमा एजंट किंवा रुग्णाचा चुलतभाऊ यांच्यासाठी ते उघडत नाही. जावेने सासूच्या गोळ्या कसल्या म्हणून विचारलं, तरी 'त्यांनाच विचारा वहिनी' असं सांगते. पूर्वीच्या दोन्ही ठिकाणांचे मालक माझ्या कामाबद्दल सांगतील. रुग्णांची नावं संदर्भ म्हणून मी देणार नाही.

मराठी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी येते. संगणकावर बिलिंग आणि साठा सांभाळते. रात्रपाळी महिन्यातून आठ दिवसांपर्यंत चालेल. सध्याच्या जागी एक महिन्याची सूचना द्यावी लागते. जिथे रुजू होईन तिथे फ्रिजला स्वतंत्र इन्व्हर्टर आणि थर्मामीटर असावा, एवढी एक अट आहे. रविवारी सकाळी दापोलीत भेटता येईल. मूळ प्रमाणपत्रं आणि नूतनीकरणाची पावती सोबत आणीन.