नोकरी गेल्यामुळे गृहकर्जाचा हप्ता सहा महिन्यांसाठी कमी करून मिळणेबाबत

दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
राजारामपुरी शाखा, कोल्हापूर

संदर्भ : गृहकर्ज खाते, अखेरचे अंक ४१७२. कर्जदार सुनील पाटील, सहकर्जदार वैशाली पाटील.

महोदय,

मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत चौदा वर्षे सीएनसी ऑपरेटर होतो. कास्टिंगच्या ऑर्डरी घटल्याने दुसरी पाळी बंद झाली आणि ३१ जुलैला माझी नोकरी गेली. कामावरून कमी केल्याचे पत्र सोबत जोडले आहे.

पाचगावच्या फ्लॅटवरील कर्जाचा हप्ता १५,७५६ रुपये आहे. आजवर एकही चुकलेला नाही. ऑगस्टचा शिल्लक पगारातून भरला. सप्टेंबरचा मात्र पत्नीने भिशी उचलून भरला. ते पैसे मुलाच्या बारावीच्या फीसाठी ठेवले होते. ऑक्टोबरला अशी सोय उरलेली नाही. हप्ता थकल्यावर बोलावणे येण्यापेक्षा आधीच येऊन सांगावे, म्हणून हा अर्ज.

सध्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर लेथ चालवतो. महिन्याला बारा हजारांच्या आसपास पडतात. पत्नीच्या शिलाईचे सहा हजार येतात. अठरा हजारांत पूर्ण हप्ता भरला तर घरात सव्वादोन हजारही राहत नाहीत.

त्यामुळे विनंती अशी की, ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ हे सहा महिने हप्ता ९,००० रुपये करावा. हा आकडा अंदाजाने काढलेला नाही. खात्यावर १२,२९,५५० रुपये शिल्लक आहेत आणि ८.५० टक्के दराने महिन्याचे व्याज ८,७०९ रुपये होते. म्हणजे व्याज पूर्ण फिटेल, थोडी मुद्दलही फिटेल आणि कर्ज वाढणार नाही. एप्रिल २०२६ पासून पूर्वीचा हप्ता सुरू करीन. कमी भरलेल्या ४०,५३६ रुपयांसाठी मुदत मार्च २०३५ च्या पुढे वाढवावी. माझ्या हिशेबाने साधारण सहा महिने लागतील. वाढीव व्याज मला मान्य आहे. त्याआधी कायम नोकरी लागली तर पुढच्याच महिन्यापासून पूर्ण हप्ता भरीन. गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीत अर्ज दिले आहेत.

हप्ता ५ तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. मंजुरी उशिरा आली तर जुनीच रक्कम कापायला जाईल, हप्ता परत जाईल आणि त्याचा दंड अंगावर पडेल. म्हणून ३० सप्टेंबरपूर्वी लेखी निर्णय कळवावा आणि कपातीची रक्कम बदलून घ्यावी. या पुनर्रचनेची नोंद सिबिलला कशी जाईल, हेही सही करण्याआधी सांगावे.

सहा महिन्यांचा खातेउतारा, वर्कशॉप मालकाचा दाखला आणि दोघांची आधार-पॅन प्रत जोडली आहे. वर्कशॉपला सोमवारी सुट्टी असते. त्या दिवशी बोलावलेत तर आम्ही दोघेही शाखेत हजर राहू.

आपले विश्वासू,
सुनील पाटील
वैशाली पाटील
पाचगाव, कोल्हापूर