बोनाफाईडच्या ॲपवरून स्प्रिंट आणि यूजर स्टोरी

पोरांनो, बोनाफाईडच्या ॲपचा तुमचा प्लॅन बघितला. पहिल्या स्प्रिंटला डेटाबेस, दुसऱ्याला लॉगिन, तिसऱ्याला स्क्रीन आणि शेवटी टेस्टिंग, असं लिहिलंय. हे वॉटरफॉलच आहे, एक टप्पा संपला की पुढचा आणि चालणारं ॲप एकदम शेवटी, फक्त दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडलेत. स्प्रिंट म्हणजे ठरलेली मुदत, स्क्रममध्ये जास्तीत जास्त एक महिना, आणि ती संपताना कुणालातरी चालवून बघता येईल असं काहीतरी हातात पायजे, नुसतं टेबल तयार झालं म्हणून ऑफिसातल्या मॅडमना काय दाखवणार?

आता यूजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय पायजे ते त्याच्या बाजूनं एका वाक्यात. 'यूजर म्हणून मला लॉगिन पाहिजे' असं लिहू नका, लॉगिन कुणालाच नको असतं. असं लिहा:

'तासगावहून रोज एसटीनं येणारी विद्यार्थिनी म्हणून मला बोनाफाईडचा अर्ज मोबाईलवरून करायचाय, म्हणजे ऑफिसच्या लायनीत प्रॅक्टिकल बुडणार नाही.'

कोण, काय, कशासाठी. यातलं 'कशासाठी' तुम्ही नेहमी गाळता आणि खरी गोम तिथंच आहे, कारण अर्ज मोबाईलवरून झाला तरी 'सही झाली का' विचारायला ती पोरगी दोनदा खिडकीवर येणार असेल तर लाईन कुठं गेली? मग 'अर्ज कुठवर आला ते दिसणं' ही दुसरी स्टोरी आपोआप सापडते. प्रत्येक स्टोरीखाली ती झाली हे कशावरून समजायचं तेही लिहा, जसं की कारण निवडल्याशिवाय अर्ज जाऊ नये, त्याच कारणाचा आधीचा अर्ज पेंडिंग असेल तर दुसरा घेऊ नये, आणि मॅडमच्या यादीत तो लगेच दिसावा.

पहिल्या स्प्रिंटला एवढीच स्टोरी घ्या, एक फॉर्म, एक टेबल, एक यादी, पीडीएफ नको, नोटिफिकेशन नको. पीआरएन हातानं टाकला तरी चालेल, हे अजून फक्त ऑफिसात दाखवायचंय. खऱ्या पोरांचा डेटा घ्यायच्या आधी मात्र लॉगिन झालंच पायजे. स्प्रिंटच्या शेवटी रिव्ह्यूला मॅडम म्हणतील, यादी वर्गाप्रमाणे लावा, फी बाकी आहे का तेही दाखवा. लगेच कोड करायला बसू नका, बॅकलॉगला, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत टाका, आधी काय घ्यायचं ते तुमचा प्रॉडक्ट ओनर ठरवेल. आणि अर्धी झालेली स्टोरी झालेल्यात धरायची नाही, ऐंशी टक्के झाली म्हणून ऐंशी टक्के मार्क असलं काही नसतं.

डेली स्क्रम १५ मिनिटांचा, उभ्याउभ्या, कुणाचं काय अडलंय ते बोला, मला रिपोर्ट द्यायला तो नसतो. स्प्रिंट संपल्यावर आपलं काम कसं झालं ते बघायला रेट्रो असतो, त्यात कोण चुकलं ते उगाळू नका, पुढच्या वेळी एक गोष्ट काय बदलायची ते ठरवा.

व्हायवासाठी एक लक्षात ठेवा, यूजर स्टोरी एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगमधून आल्यात, स्क्रम गाईडमध्ये त्यांची सक्ती नाही. अजाईल मॅनिफेस्टो २००१ चा, १७ जणांनी मिळून लिहिलेला.

सोमवारी लॅबला येताना प्रत्येक ग्रुपनं पाच स्टोऱ्या कार्डावर हातानं लिहून आणा, आणि त्याआधी ऑफिसात जाऊन मॅडमशी बोलून या, दुपारी जेवणानंतर गर्दी कमी असते.