काडेपेटीची जागा

आजीच्या घरी दोन कंदील होते आणि पत्र्याच्या तीन चिमण्या. घरात माणसं दोन, सुट्टीत मी आलो की तीन. लाईट होती, प्रत्येक खोलीत बल्ब होता, तरी रोज दिवस कलला की आजी हे पाचही दिवे ओटीवर मांडून बसायची. कंदिलाच्या काचा आधी राखेनं, मग जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसायची. वातीचं जळकं टोक कात्रीनं सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे अगदी जरासे तिरपे उडवायची. कोपरे ठेवले तर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच काळी होते, असं ती म्हणायची. टाकी हलवून बघायची, कमी असलं तर रॉकेल घालायची. मग पाचही दिवे आपापल्या जागी आणि काडेपेटी स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या कोनाड्यात, उजव्या कोपऱ्यात.

हे सगळं झाल्यावर ती एकही दिवा लावायची नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. न लावायचे दिवे रोज कशाला पुसायचे, असं मी तिला एकदा विचारलंही. "लावायची वेळ आली की पुसायला वेळ नसतो," एवढंच म्हणाली. आजोबा खुर्चीत बसून नुसते हसले. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. काळा चष्मा लावून ते दिवसभर बसलेले असायचे आणि ठरलेल्या वेळी आजी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची. शेवटचा थेंब रात्री दहाला.

त्या दिवशी दुपारपासूनच हवा कोंदली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मी आजोबांचा फोन घेऊन खेळत बसलो होतो आणि बॅटरी पार संपली तेव्हा तो तसाच गादीवर टाकून दिला. मग मला आगगाडी करायचं सुचलं. कोनाड्यात काडेपेट्या दोन होत्या. मी दोन्ही घेतल्या, काड्या पावडरच्या रिकाम्या डब्यात ओतल्या, पेट्यांना निळा घोटीव कागद खळीनं चिकटवला आणि दोऱ्यानं एकमेकींना जोडल्या. डबे दोनच झाले, पण गाडी दिसत होती. मागच्या खोलीतल्या पलंगाखाली तिचं स्टेशन होतं.

साडेनऊच्या सुमारास वारा सुटला. आधी खिडक्या आपटल्या, मग कुठेतरी काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज झाला आणि लाईट गेली.

घरात अंधार होतो तेव्हा आपण रस्त्यावरच्या दिव्याच्या, समोरच्या घराच्या उजेडावर किती विसंबून असतो हे कळत नाही. त्या रात्री तेही गेलं होतं. मी डोळ्यांसमोर हात धरला आणि हात दिसला नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापणीला बोट लावून बघितलं.

आजी घाबरली नाही. तिच्या पावलांचा आवाज आला. घाईचा नाही, रोजचाच. स्वयंपाकघराच्या दाराशी पावलं थांबली. बांगड्या कोनाड्याच्या कडेला लागल्या. मग काहीच आवाज आला नाही. मग कोनाड्यात तळहात फिरल्याचा आवाज, एकदा, परत एकदा.

"काडेपेटी नाहीये," आजी म्हणाली.

तिचा आवाज मी त्याआधी तसा कधी ऐकला नव्हता. आजोबा म्हणाले, "असेल तिथेच, नीट बघ." ती म्हणाली, "बघू कशानं?"

माझ्या पोटात गोळा आला. बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "दहा वाजत आले असतील. थेंब तेवढा घालून टाक. बाटली उशाशीच आहे."

"उशाशी दोन आहेत," आजी म्हणाली. "एक डोळ्याची, एक तुमच्या कानाची. दोन्ही एवढ्याएवढ्याशा. उजेड आल्याशिवाय मी हात लावायची नाही."

"आजी," मी म्हणालो, "काडेपेटी माझ्याकडे आहे. आगगाडी केलीय."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "कुठे आहे?" मी सांगितलं. "मग तूच जा. तू ठेवलीस, तुझ्या हाताला सापडेल. धावू नकोस. भिंत सोडू नकोस."

त्या घरात मी शेकडो वेळा पळालो असेन, पण त्या रात्री पहिल्यांदा ते घर हातानं पाहिलं. डावा हात भिंतीवर. गार चुना, मग दाराची लाकडी चौकट, तिच्यावरचा खिळा, ज्याला आजोबांची छत्री अडकवलेली असायची. छत्री अंगावर पडली आणि मी ओरडलो. "छत्री आहे," लांबून आजीचा आवाज आला. "म्हणजे दार आलं. पुढे उंबरा आहे, पाय उचल." उंबरा आला. पुढे सात पावलं, आजीनं मोजायला सांगितली. सहाव्या पावलाला गुडघा पलंगावर आपटला.

पलंगाखाली ओणवा झालो. धूळ, एक चप्पल, मग दोरा. दोरा ओढला तर गाडी हाताशी आली. पावडरचा डबा मात्र कलंडला होता आणि काड्या फरशीवर पसरल्या होत्या. चारपाच वेचल्या, मुठीत घट्ट धरल्या आणि तसाच मोजत परत आलो.

अडचण पुढेच होती. आजीनं काडी पेटीवर ओढली आणि ती गुळगुळीत कागदावरून नुसती घसरली. पेटीच्या ज्या दोन खरखरीत बाजू असतात, त्यांच्यावरच मी निळा कागद चिकटवला होता. आजीनं पेटी माझ्या हातात दिली. मी नखानं कागद खरवडायला लागलो. खळ वाळून कडक झाली होती. कागद तुकड्यातुकड्यांनी निघत होता आणि त्याच्याबरोबर खालचा मसालाही. एक काडी मोडली. दुसरीची फक्त ठिणगी उडाली. तिसरी पेटली.

काडीच्या उजेडात आजीचा चेहरा दिसला, मग कंदील. तो दाराशेजारी रोजच्या खिळ्यावरच होता. तिनं काच उचलली, वात पेटवली, काच खाली सोडली आणि वात अगदी बारीक केली. मला वाटलं, आता मोठी करेल. ती थांबून राहिली. "काच हळूहळू तापू दे. एकदम मोठी ज्योत केली तर तडकते." थोड्या वेळानं तिनं वात चढवली आणि पिवळा उजेड खोलीभर पसरला. तो फार नव्हता. पण पूर्ण काळोखातून आलेल्या डोळ्यांना तेवढा पुष्कळ असतो. मला फरशीवरच्या फटीसुद्धा दिसत होत्या.

आजीनं उशाशी हात घातला. दोन बाटल्या निघाल्या, खरंच सारख्याच. तिनं दोन्ही कंदिलापाशी नेल्या, नावं वाचली आणि एक मला दाखवली. "ही बघ कोणती." मी वाचलं. कानाची होती. हाताला तीच आधी लागली होती.

दुसरी उघडून तिनं आजोबांच्या डोळ्यात थेंब घातला आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. हात किंचित थरथरत होते.

वारा रात्रभर होता आणि लाईट काही आली नाही. शेजारच्या काकू तान्ह्या बाळाला घेऊन दाराशी आल्या, त्यांच्याकडे मेणबत्तीचा तुकडासुद्धा नव्हता. आजीनं कंदिलाच्या ज्योतीवर काडी धरून चिमणी लावली आणि त्यांना दिली. "बाळापासून लांब ठेव, आणि खिडकी फटभर उघडी राहू दे. बंद खोलीत दिवा लावून झोपायचं नाही." दुसरी चिमणी पलीकडच्या घरी गेली. पाच दिवे कशाला, हे मी पुन्हा विचारलं नाही.

झोप येत नव्हती. मी आजीजवळ सरकलो. तेव्हा तिनं सांगितलं.

"मी तुझ्याएवढीच होते. आमच्याकडे लाईट आलीच नव्हती. दिवा एकच. तुझे मामाआजोबा दोन वर्षांचे होते आणि अंगात खूप ताप. रात्री दिवा विझला. तेल संपलं होतं, कुणी बघितलंच नव्हतं. आई त्याला मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, फळीवरून औषधाची बाटली आण. मी चाचपडत गेले आणि आणली. वडील तिकडे अंधारात दिव्यात तेल ओततायत, निम्मं जमिनीवर. वात कोरडी. कोरडी वात पेटवली की आधी तीच जळते, तेल वर चढायला वेळ लागतो. त्यांनी तीनदा पेटवली, तीनदा विझली. इकडे आईनं अंदाजानं चमचा भरला. त्याच्या ओठाला लावला, आणि तिकडे दिवा धरला."

ती थांबली. कंदिलाची वात थोडी चढली होती, तिनं कळ फिरवून खाली घेतली.

"अंगाला चोळायचं औषध होतं ते. पोटात गेलं असतं तर पोर राहिलं नसतं. आईनं चमचा तसाच धरून ठेवला, किती वेळ तरी. मला एक शब्द बोलली नाही. तो चमचा मला अजून दिसतो."

मामाआजोबा म्हणजे आमच्या सगळ्यांत मोठ्यानं हसणारा माणूस. दारातून आत यायच्या आधी त्यांचं हसणं आत यायचं. मी कंदिलाकडे बघत बसलो.

"दिवा आमच्याकडे होताच की," आजी म्हणाली. "तेलही होतं. तयार नव्हता एवढंच. दिवा शोधायला काय दुसरा दिवा आणायचा? म्हणून त्याची जागा हाताला पाठ पाहिजे."

आजोबा जागेच होते. "लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी हिनं मला काडेपेटीची जागा दाखवली," ते म्हणाले. "तेव्हापासून ती हलली नाही. आज सोडली तर."

मी मान खाली घातली. आजीनं माझ्या केसांतून हात फिरवला. पहाटे कधीतरी वारा पडला आणि मला तिथेच झोप लागली.

उठलो तेव्हा उजाडलं होतं. लाईट अजून आली नव्हती. कंदील ओटीवर होता, काचेवर एका बाजूला पुसट काजळी. मी राख घेतली, वर्तमानपत्राचा बोळा केला. काचेत माझा हात जेमतेम मावत होता, आजीचा जात नसे, ती काठीला कापड गुंडाळायची. वातीचं टोक कापलं. पहिल्यांदा तिरकं गेलं, परत कापलं. कोपरे उडवले. आजी शेजारी बसून बघत होती. तेल तिनं स्वतः घातलं, ते मला करू दिलं नाही.

पलंगाखालच्या काड्या एकेक करून वेचल्या. जिच्या बाजूवर थोडा तरी मसाला शाबूत होता ती पेटी निवडली, काड्या भरल्या आणि कोनाड्यात उजव्या कोपऱ्यात ठेवली.

मग ओटीवर जाऊन उभा राहिलो, डोळे घट्ट मिटले आणि भिंतीला हात लावून चालायला लागलो. चौकट आली. कोनाड्याची कड आली. हात आत घातला.

"अजून थोडा उजवीकडे," मागून आजोबा म्हणाले.