प्रकल्प प्रस्तावाच्या मसुद्यावरील अभिप्राय

सप्रेम नमस्कार,

फिजिओथेरपी केंद्राच्या संकेतस्थळाच्या लेखनासाठी तुम्ही तयार केलेला प्रस्ताव मी दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे आणि ग्राहकाची गरज तुम्हाला नीट समजली आहे, हे पहिल्याच परिच्छेदात दिसते. तरीही हा मसुदा आहे तसा पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण काम नेमके केव्हा संपले हे ठरवण्याचा अधिकार त्यात सर्वस्वी ग्राहकाकडे गेला आहे आणि तुमच्या मानधनाचा मोठा हिस्सा त्याच निर्णयावर अडकला आहे.

कामाच्या व्याप्तीविषयी तुम्ही लिहिले आहे, "संकेतस्थळासाठी लागणारा सुमारे दहा पानांचा मजकूर व आवश्यकतेनुसार इतर लेखन करून देण्यात येईल." पुढच्या वेळापत्रकात मात्र बारा पानांची नावे आहेत. ग्राहक बाराच धरून चालेल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. म्हणून "सुमारे" काढून टाका, पानांची नावे आणि प्रत्येक पानाची कमाल शब्दसंख्या लिहा, आणि "आवश्यकतेनुसार इतर लेखन" हे शब्द तर पूर्णपणे वगळा, कारण त्यांत उद्या माहितीपत्रकही बसेल आणि समाजमाध्यमांवरील मजकूरही. बारा नावांमध्ये "गोपनीयता धोरण" आहे, ते पाहून मी थबकलो. तो कायदेशीर मजकूर आहे. तो ग्राहकाने आपल्या कायदेविषयक सल्लागाराकडून घ्यावा आणि तुम्ही फार तर त्याची भाषा तपासावी. उपचारांविषयीचे दावे ग्राहकाच्या तज्ज्ञांनी तपासून द्यायचे आहेत, हेही लिहून ठेवा, नाहीतर वैद्यकीय अचूकतेची जबाबदारी नकळत लेखकावर येते.

सर्वांत अडचणीचे वाक्य चौथ्या कलमात आहे: "ग्राहकाचे पूर्ण समाधान होईपर्यंत दुरुस्त्या केल्या जातील." हे सौजन्याने लिहिले आहे, हे मला कळते; मीही सुरुवातीच्या काळात असेच लिहीत असे आणि एका कामात मुखपृष्ठाचा एकच परिच्छेद नऊ वेळा बदलून दिला होता, कारण प्रत्येक वेळी त्या कार्यालयातील वेगळ्या व्यक्तीचा अभिप्राय येत असे. त्या अनुभवावरून मी पुढील मजकूर सुचवतो, तो हवा तर जसाच्या तसा घ्या:

"प्रत्येक पानासाठी दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मानधनात समाविष्ट आहेत. प्रत्येक फेरीसाठी ग्राहकाने नेमलेल्या एकाच व्यक्तीने सर्वांच्या सूचना एकत्र करून लेखी कळवाव्यात. मसुदा मिळाल्यापासून 7 कामकाजाच्या दिवसांत सूचना न आल्यास तो मंजूर समजला जाईल. मंजूर आराखड्याबाहेरचा बदल ही दुरुस्ती नसून नवे काम असेल आणि त्याचे मानधन काम सुरू करण्यापूर्वी लेखी ठरेल."

शेवटचे वाक्य टिकायचे असेल, तर आराखडा आधी मंजूर करून घेण्याचा टप्पा वेळापत्रकात हवा. सध्या तो नाही. तुमच्याकडून राहिलेली चूक, उदाहरणार्थ शुद्धलेखनाची किंवा दिलेली माहिती चुकीची उतरवल्याची, फेरीत मोजली जाणार नाही, असेही नमूद करा. ग्राहकाच्या बाजूने ते न्याय्य आहे आणि त्यामुळे बाकीची मर्यादा त्याला जाचक वाटत नाही.

"अंतिम मजकूर सुपूर्द केला जाईल" एवढ्याने काय सुपूर्द होणार ते कळत नाही. वर्ड फाइल, शोधयंत्रांसाठीचे शीर्षक व वर्णन, छायाचित्रांखालच्या ओळी यांपैकी काय मिळेल आणि मजकूर संकेतस्थळावर चढवण्याचे काम कोणाचे, हे दोन ओळींत लिहावे.

मानधनाचे टप्पे 20, 30 आणि 50 टक्के असे आहेत आणि शेवटचे 50 टक्के "अंतिम मंजुरीनंतर व संकेतस्थळ सुरू झाल्यावर" मिळणार आहेत. संकेतस्थळ सुरू होणे हे तुमच्या नव्हे, तर ते बांधणाऱ्याच्या हाती आहे. त्याचे काम तीन महिने रखडले, तर तुमचे अर्धे मानधनही रखडेल. चौथ्या कलमातील अमर्याद दुरुस्त्या या अटीशेजारी ठेवून वाचल्या, की अडचण किती मोठी आहे ते लक्षात येईल. त्याऐवजी प्रस्ताव स्वीकारताना 40 टक्के, सर्व पानांचे पहिले मसुदे दिल्यावर 40 टक्के आणि दुसऱ्या फेरीनंतरचा मजकूर दिल्यावर 20 टक्के, अशी विभागणी करावी आणि प्रत्येक देयक 15 दिवसांत चुकते करण्याची अट घालावी. काम मध्येच थांबवले गेल्यास तोवर झालेल्या कामाचे मानधन देय राहील आणि पूर्ण रक्कम मिळाल्यावरच मजकुराचे हक्क ग्राहकाकडे जातील, ही दोन वाक्येही जोडा.

"चार आठवड्यांत काम पूर्ण" ही मुदत आगाऊ रक्कम व आवश्यक माहिती, यांपैकी जे नंतर मिळेल त्या दिवसापासून मोजावी.

दरांविषयी तुम्ही विचारले नव्हते, म्हणून ते मी तपासलेले नाहीत. परंतु पानांची संख्या दहावरून बारा होणार असेल, तर एकूण रक्कम पुन्हा मोजूनच प्रस्ताव पाठवावा. सुधारित चौथे कलम आधी मला दाखवलेत तर बरे होईल.

आपला स्नेहांकित,
एक जुना सहकारी