दक्षता यंत्रणा आणि जागल्या संरक्षण धोरण

हे धोरण गोकुळ शिरगाव आणि कागल येथील आपल्या दोन्ही फाउंड्रींना लागू आहे. संचालक मंडळाने 12 मार्च 2025 च्या बैठकीत ते मंजूर केले असून 1 एप्रिल 2025 पासून ते अमलात येत आहे. यापूर्वीचे इंग्रजी धोरण त्याच दिवशी रद्द होईल.

1. हे धोरण नव्याने का लिहिले

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 177 नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. त्या कायद्याखालील 2014 च्या नियमांनी लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून 50 कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्यांनाही हे बंधन घातले. आपली कंपनी खासगी असली तरी कर्जाच्या या अटीमुळे आपण त्यात येतो. जुने धोरण याच कारणाने केले होते आणि ते फाइलमध्येच राहिले.

मागच्या पावसाळ्यात गोकुळ शिरगावच्या वजनकाट्यावरच्या एका ऑपरेटरला दोन काटा पावत्या खटकल्या. ट्रक एकच, पण रिकामे वजन एका पावतीवर 9,840 किलो आणि दुसरीवर 9,320 किलो. भंगार घेऊन येणाऱ्या ट्रकचे रिकामे वजन कमी दाखवले की भंगाराचे वजन तेवढेच वाढते. म्हणजे त्या फेरीला न आलेल्या 520 किलो भंगाराचे बिल कंपनीने भरले. त्याने हे विभागप्रमुखांना सांगितले. पुढच्या आठवड्यात त्याची बदली फेटलिंगच्या रात्रपाळीत झाली आणि दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. लेखापरीक्षणात तो घोळ बाहेर आला, तोवर तशा फेऱ्यांची मोजदाद करणे अवघड झाले होते.

ही चूक व्यवस्थापनाची होती. त्या कर्मचाऱ्याला परत बोलावले आहे, मधल्या काळाचा पगार दिला आहे आणि हा मसुदा सर्वांत आधी त्याला वाचायला दिला होता. कलम 5 मधील दोन वाक्ये त्याने सुचवलेली आहेत.

2. जागल्या कोण

पूर्वी गावात रात्री जागून राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. कंपनीतला आर्थिक गैरव्यवहार पाहून तो सांगणाऱ्या व्यक्तीला या धोरणात तोच शब्द वापरला आहे, मग ती व्यक्ती स्त्री असो वा पुरुष.

कायद्यात संचालक आणि कर्मचारी यांचाच उल्लेख आहे. आपण ती व्याप्ती वाढवत आहोत. ठेकेदाराचे कामगार, शिकाऊ उमेदवार, सुरक्षारक्षक, माल पुरवणारे, जॉबवर्क करणारे, वाहनचालक आणि नोकरी सोडून गेलेले कर्मचारी यांनाही तक्रार करता येईल आणि संरक्षणही मिळेल. फाउंड्रीत काट्यावर, गेटवर आणि भंगाराच्या यार्डात उभे असणारे बहुतेक लोक कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, पण चोरी आधी त्यांनाच दिसते.

3. कशाची तक्रार करावी

काटा पावतीत फेरफार. न आलेल्या मालाचे बिल पास करणे. भंगार किंवा नाकारलेले कास्टिंग गेटपासशिवाय किंवा रोखीने विकणे. हजेरीपटावर खोटी नावे चढवून ठेकेदाराचे बिल वाढवणे. खरेदीत कमिशन घेणे. नातेवाइकाच्या फर्मला काम देऊन ते लपवणे. जीएसटीची खोटी बिले घेणे किंवा देणे. हिशेबाच्या नोंदी मागच्या तारखेने बदलणे. यादी इथेच संपत नाही.

एका गोष्टीचा उल्लेख मुद्दाम वेगळा करतो. बँकेला दरमहा जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटवर आपल्या कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेकडून किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा, ठरते. यार्डात नसलेला माल त्यात दाखवायला कोणी सांगितले, तर ‘कंपनीच्या भल्यासाठी’ हे कारण ऐकून घेऊ नका. ती बँकेची फसवणूक आहे. सांगणारा संचालक असला तरी तक्रार करा. कलम 447 खालील मोठ्या फसवणुकीला किमान 6 महिने ते 10 वर्षे कैद आहे, आणि चौकशीत कागदावर सही करणाऱ्या कारकुनाचेही नाव निघते.

पगारवाढ, रजा, कॅन्टीन यांच्या तक्रारी मनुष्यबळ विभागाकडे आणि लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत समितीकडे द्याव्यात. चुकून इकडे आल्या तर त्या गुप्तपणे योग्य जागी पोहोचवल्या जातील, परत केल्या जाणार नाहीत.

4. कोणाकडे आणि कशी

आपल्या कंपनीला लेखापरीक्षण समिती बंधनकारक नाही. अशा वेळी नियमांप्रमाणे संचालक मंडळाने एका संचालकावर ही जबाबदारी सोपवायची असते. मंडळाने ती बाहेरच्या संचालक असलेल्या, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या बाईंकडे दिली आहे. त्या प्रवर्तक कुटुंबातल्या नाहीत आणि कंपनीच्या रोजच्या कारभारात नाहीत. पुढे त्यांना ‘दक्षता संचालक’ म्हटले आहे.

त्यांचा फोन, टपालाचा पत्ता आणि ईमेल एप्रिलपासून प्रत्येक पगारचिठ्ठीच्या मागे मराठी आणि हिंदीत छापलेला असेल. ठेकेदाराच्या कामगारांना तोच मजकूर गेटपासच्या मागे मिळेल. हा ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर नाही, त्यामुळे आयटी विभागाला तो उघडता येत नाही. दोन्ही कारखान्यांत तक्रारपेटी आहे. ती कामगारांच्या लॉकरखोलीकडे जाणाऱ्या बोळात बसवली आहे, तिथे कॅमेरा नाही आणि बसवला जाणार नाही. पेटीची किल्ली फक्त दक्षता संचालकांकडे राहील. दर शुक्रवारी त्या स्वतः पेटी उघडतील.

लिहिता येत नसेल तर फोनवर सांगा. मराठी, हिंदी, कन्नड चालेल. पुरावा आणायची सक्ती नाही. काय पाहिले, कधी, कुठे, कोण होते एवढे पुरे. कुलूप तोडून किंवा दुसऱ्याच्या पासवर्डने कागद मिळवू नका. तपास करणे हे आमचे काम आहे.

निनावी तक्रारीही घेतल्या जातील. सत्यम कॉम्प्युटरच्या हिशेबांबद्दल डिसेंबर 2008 मध्ये एका संचालकांना निनावी ईमेल गेला होता. 7 जानेवारी 2009 ला कंपनीच्या अध्यक्षांनीच खोट्या आकड्यांची कबुली दिली. पत्राखाली नाव नाही म्हणून मजकूर खोटा ठरत नाही.

तक्रार व्यवस्थापकीय संचालकांविरुद्ध किंवा प्रवर्तक कुटुंबातील कोणाविरुद्ध असेल, तर त्यांना तिची प्रत मिळणार नाही आणि मंडळाच्या त्या चर्चेत ते बसणार नाहीत. तक्रार दक्षता संचालकांविरुद्धच असेल, तर ती संचालक मंडळाच्या अध्यक्षांना द्यावी.

5. संरक्षण

जागल्याचे नाव दक्षता संचालकांखेरीज कोणालाही कळणार नाही. तपासासाठी ते सांगणे अटळ झाले, तर आधी त्याची लेखी संमती घेतली जाईल. न्यायालयाने किंवा कायद्याने अधिकार असलेल्या यंत्रणेने मागितले तर मात्र ते द्यावे लागेल आणि तसे जागल्याला कळवले जाईल. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही आणि नोव्हेंबर 2003 मध्ये गया येथे त्यांचा खून झाला. म्हणून नाव शोधण्याचा नुसता प्रयत्न हाही या धोरणाखाली गंभीर गैरवर्तन आहे. ‘तूच सांगितलंस ना?’ असे विचारणे, हस्ताक्षर जुळवणे, फोन तपासणे, सर्वांना एकत्र बोलावून दमात घेणे, सगळे त्यात आले.

तक्रारीमुळे कोणाचीही नोकरी, पगार, बढती, पाळी, ओव्हरटाइम किंवा कामाची जागा बदलणार नाही. त्रास फक्त बडतर्फीच्या पत्राने दिला जात नाही. अवघड मशीनवर टाकणे, रजा अडवणे, चहाच्या वेळी वाळीत टाकायला लावणे, हाही त्रासच आहे.

तक्रारीनंतर 12 महिन्यांत जागल्याविरुद्ध कोणतीही प्रतिकूल कारवाई करायची असेल, तर विभागप्रमुखाने आधी दक्षता संचालकांची लेखी परवानगी घ्यावी. विभागप्रमुखाला जागल्या कोण हे ठाऊक नसते. म्हणून या दोन्ही कारखान्यांतील अशी प्रत्येक बदली, निलंबन आणि बडतर्फी त्यांच्या नजरेखालून जाईल. ही कारवाई तक्रारीमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारवाई करणाऱ्याची आहे. जागल्याने काही सिद्ध करायचे नाही.

सूड झाल्याचे दिसले तर दक्षता संचालक 7 दिवसांत ती कारवाई थांबवू शकतात. पद, पाळी आणि बुडालेला पगार परत मिळेल. ठेकेदाराने आपल्या कामगाराला काढले तर कामगाराला परत घेईपर्यंत त्या ठेकेदाराचे नवे काम बंद राहील. ही अट एप्रिलपासूनच्या प्रत्येक ठेक्यात घातली आहे. साक्षीदार आणि तपासाला मदत करणारे यांनाही हेच संरक्षण आहे.

हे इतके तपशिलात लिहिण्याचे कारण साधे आहे. संसदेने 2014 मध्ये केलेला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे आणि तोही अमलात आणलेला नाही. कलम 177 पुरेसे संरक्षण द्या असे सांगते, ते कसे द्यायचे हे कंपनीवर सोडते. आपल्या कामगाराला खरा आधार याच कागदाचा आहे.

6. तपास

तक्रारीची पोच 3 कामकाजाच्या दिवसांत, प्राथमिक छाननी 10 दिवसांत आणि तपास 45 दिवसांत. जास्त वेळ लागला तर लेखी कारण नोंदवून एकदाच 30 दिवस वाढवता येतील. तक्रार येताच संबंधित काटा पावत्या, गेट रजिस्टर, हिशेबाचा बॅकअप आणि कॅमेऱ्याचे चित्रण ताब्यात घेतले जाईल, कारण जुने चित्रण आपोआप पुसले जाते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला आरोप लेखी कळवून बाजू मांडू दिली जाईल, आणि दोष ठरेपर्यंत त्याचेही नाव गुप्त राहील. निकाल काय लागला हे जागल्याला कळवले जाईल. निनावी तक्रारीचा निकाल क्रमांकासह पेटीजवळच्या फळ्यावर लागेल.

वर्षभरातल्या सर्व तक्रारी वैधानिक लेखापरीक्षकांना दाखवल्या जातील. त्या विचारात घेतल्या का, हे त्यांना आपल्या अहवालात सांगावे लागते. 1 कोटी रुपये किंवा त्याहून मोठी फसवणूक आढळली तर कलम 143 नुसार ते केंद्र सरकारला कळवतात. त्यांना अडवण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

7. चुकीची आणि खोटी तक्रार

प्रामाणिकपणे केलेली तक्रार तपासात चुकीची निघाली तर काहीही कारवाई होणार नाही. नियमांत वारंवार उथळ तक्रारी करणाऱ्याला समज देण्याची तरतूद आहे. ती आपण अशा व्यक्तीपुरतीच वापरू, जिने खोटे आहे हे माहीत असून पुरावा रचला. तसे झाले का, हे फक्त दक्षता संचालक ठरवतील. जागल्या स्वतः गैरव्यवहारात सामील असेल तर त्याची सुटका होणार नाही, पण आपणहून पुढे आल्याचा विचार शिक्षा ठरवताना केला जाईल.

8. बाहेर जाण्याचा हक्क

पोलीस, बँक, कर खाते किंवा कंपनी निबंधक यांच्याकडे जाण्यास कोणालाही मनाई नाही. नेमणूकपत्रातल्या गोपनीयतेच्या कलमाचा अर्थ तसा लावता येणार नाही.

9. माहिती

हे धोरण कंपनीच्या संकेतस्थळावर आणि संचालक मंडळाच्या अहवालात दिले जाईल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही पाळ्यांत ते मोठ्याने वाचून दाखवले जाईल. वाचन कामाच्या वेळेत होईल आणि त्या अर्ध्या तासाचा पगार कापला जाणार नाही. शंका तिथेच विचाराव्यात. विचारणाऱ्याचे नाव लिहून घेतले जाणार नाही.

संचालक मंडळाच्या वतीने,
व्यवस्थापकीय संचालक
गोकुळ शिरगाव, 20 मार्च 2025