उकड मळताना

दापोली, श्रावण वद्य दशमी

चि. चिन्मय यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर म्हणालास की मोदकाच्या कळ्या काढायला घेतल्या की पारी फाटते. फोनवर नीट सांगता येत नाही आणि तू मध्येच "बरं बरं" म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. सारण तुझ्या आईला विचार, त्यात काही मोठंसं नाही. सगळं आहे ते उकडीत.

पिठी बारीक हवी. बोटांत चोळली तर कण लागता कामा नये. तिकडच्या चिनी दुकानात चिकट तांदळाचं पीठ मिळतं म्हणे, ते आणू नकोस. त्याचा नुसता गिच्च गोळा होईल. इडियप्पमचं पीठ मिळालं तर उत्तम.

एक वाटी पिठीला एक वाटी पाणी. पिठी जुनी असेल तर ती पाणी जास्त ओढते, म्हणून थोडं गरम पाणी बाजूला असू दे. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी घाल. खळखळून उकळी आली की पिठी एकदम ओत आणि उलथण्याच्या दांड्याने भराभर ढवळ. कोरडं पीठ दिसेनासं झालं की झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ येऊ दे. मग पातेलं खाली उतरव. तुझी विजेची शेगडी बंद केली तरी तापलेलीच राहते, त्यामुळे पातेलं तिच्यावर ठेवलंस तर बुडाला करपेल. उतरवल्यावरही पाच मिनिटं झाकण काढायचं नाही.

आता मळणं. निम्मीच उकड परातीत घे, बाकीची झाकलेली असू दे. गरम असतानाच मळायची, गार झाली की गुठळ्या मोडत नाहीत. हात भाजतो तोवर वाटीच्या बुडाला तेल लावून तिने रगड. मग एका वाटीत पाणी, एकीत तेल घेऊन बोटं बुडवत तळहाताच्या टाचेने पुढे ढकल, दुमड, परत ढकल. पाणी शिंपडत बसू नकोस, हात ओला केलास की पुरे. सात-आठ मिनिटं तरी मळ. तुम्हा मुलांना इथेच घाई होते!

झाली कसं ओळखायचं? सुपारीएवढी गोळी वळून चपटी कर. कडेला भेगा पडल्या तर अजून ओला हात लावून मळ. बोटाला चिकटली तर पाणी जास्त झालंय, तेलाच्या हाताने मळून पाहा, नाहीतर झाकून पुन्हा वाफ दे. कोरडी पिठी वरून लावायची नाही, कच्ची लागते. जमलेली उकड कानाच्या पाळीसारखी मऊ लागते.

तुमच्याकडे हवा कोरडी, म्हणून मळलेला गोळा ओल्या फडक्याखालीच ठेव आणि एकेका मोदकापुरतीच उकड काढ. पारी मध्ये जराशी जाड, कडेला पातळ. कळ्या पाच आल्या तरी चालतील, एकवीसचा हट्ट पहिल्या वर्षी नको.

चतुर्थीच्या आधी एकदा अर्ध्या वाटीची करून बघ आणि फोटो पाठव. मोदकाचा नको, नुसत्या गोळीचा पाठव, कडा दिसतील असा.

तुझी,
आजी